आठ महिने एक तक्ता वापरला: दुकानाच्या ॲपमधल्या अनाथ पानांचा अनुभव

वह्या, पेनं, रंग असं लेखनसाहित्य विकणाऱ्या एका छोट्या दुकानाची वेबसाइट आणि ॲप मी सांभाळते. वस्तू दोनशेच्या आसपास, स्क्रीन मोजून सव्वीस. एवढ्याशा पसाऱ्याला वेगळा नकाशा कशाला, असं मला सुरुवातीला वाटायचं. आठ महिन्यांपूर्वी मी एक साधा तक्ता बनवला. प्रत्येक पानाला आणि प्रत्येक स्क्रीनला एक ओळ. रकाने पाच: पत्ता, इथे कुठून येतात, इथून कुठे जातात, बॅक दाबल्यावर काय होतं, शोधयंत्रांना द्यायच्या पत्त्यांच्या यादीत म्हणजे साइटमॅपमध्ये आहे का. त्याच्या जोडीला महिन्यातून एकदा क्रॉलर, म्हणजे दुव्यांवरून पानं शोधत जाणारा प्रोग्राम, चालवून त्याला सापडलेल्या पत्त्यांची साइटमॅपशी तुलना करायची. या पद्धतीने काय साधलं आणि कुठे ती तोकडी पडली, ते लिहिते.

तक्ता करायला कारण घडलं ते असं. दुकानाच्या मालकीणबाईंनी विचारलं, "भेटसंच अचानक विकायचे का थांबले? तीन आठवड्यांत एकही गेला नाही." मी ते पान उघडलं. किंमत बरोबर, साठा आहे, फोटो आहे, खरेदीचं बटण चालतंय. ॲपच्या शोधपट्टीत नाव टाकलं तर संच लगेच सापडला. म्हणून बिघाड कुठे आहे तेच कळेना. नंतर लक्षात आलं की महिन्याभरापूर्वी मेन्यू आटोपशीर करायचा म्हणून आम्ही 'भेटसंच' हा विभाग काढला होता. चौदा वस्तू फक्त त्याच विभागात होत्या. त्या जागच्या जागी राहिल्या, पण त्यांच्याकडे जाणारी वाट गेली. नाव आधीपासून माहीत असलेला माणूसच तिथे पोचू शकत होता.

अनाथ पान म्हणतात ते हेच: पान जिवंत असतं, पण साइटवरच्या एकाही पानावरून त्याच्याकडे दुवा नसतो. मला जास्त खटकलं ते पुढे. ही चौदाही पानं आमच्या `sitemap.xml` मध्ये व्यवस्थित होती. आमचा साइटमॅप थेट वस्तूंच्या डेटाबेसवरून तयार होतो. डेटाबेसमध्ये वस्तू 'चालू' असेल तर तिचा पत्ता त्यात येतोच, मेन्यूत काही का असेना. म्हणजे साइटमॅप सांगतो काय अस्तित्वात आहे. तिथे पोचता येतं का, हे तो सांगत नाही. साइटमॅप दिला की काम झालं असं मी इतके दिवस धरून चालले होते, ते चूक होतं.

पोचता येतं का, हे बघायला मुखपृष्ठापासून सुरू होऊन दुव्यांमागून दुवे पकडत जाणारा क्रॉलर लागतो. मी Screaming Frog वापरते. त्याच्या विनामूल्य आवृत्तीला 500 पत्त्यांची मर्यादा आहे, ती आमच्या आकाराला पुरते. इथे एक काळजी घ्यावी लागते: क्रॉलरला साइटमॅप वाचायची परवानगी देऊ नका. दिलीत तर तो अनाथ पानांपर्यंतही साइटमॅपच्या आधाराने पोचतो, आणि जे शोधायचं तेच झाकलं जातं. क्रॉलमध्ये सापडलेले पत्ते `crawl.txt` मध्ये ठेवायचे आणि मग:

```
grep -o '<loc>[^<]*' sitemap.xml | sed 's/<loc>//' | sort -u > a.txt
sort -u crawl.txt > b.txt
comm -23 a.txt b.txt
```

शेवटची ओळ फक्त साइटमॅपमध्ये असलेले पत्ते दाखवते. `-23` च्या जागी `-13` टाकलं की उलटी यादी मिळते: दुव्यांवरून सापडतात, पण साइटमॅपमध्ये नाहीत असे पत्ते.

पहिल्या वेळी साइटमॅपमध्ये 231 पत्ते होते आणि त्यातले 31 अनाथ निघाले. आकडा बघून धास्तावले, पण त्यातले आठ खोटे होते. साइटमॅपमध्ये पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ होती, दुव्यांमध्ये नव्हती. पान एकच, पण `comm` ला ते दोन वेगळे पत्ते वाटतात. `http` आणि `https`, `www` सकट आणि `www` शिवाय, यांचंही तसंच होतं. म्हणून यादी बघून घाबरण्याआधी पत्ते एकसारखे करून घ्या. आमच्या साइटमॅपमधल्या रेघा काढल्यावर उरले 23.

त्यातले चौदा म्हणजे ते भेटसंच. तीन पानं जुन्या सवलतींची होती, मुदत संपूनही मागे राहिलेली. उरलेल्या सहांनी मात्र मला दोन संध्याकाळ अडकवलं. त्या सहा वह्या होत्या आणि 'वह्या' हा विभाग तर मेन्यूत ठळक होता. शेवटी उलगडा झाला. विभागात तीस वह्या होत्या, पानावर चोवीस दिसायच्या आणि खाली 'आणखी दाखवा' हे बटण होतं. ते बटण दाबल्यावरच जावास्क्रिप्ट पुढच्या सहा आणत असे. माणूस बटण दाबतो, क्रॉलर दाबत नाही. गूगलचा क्रॉलरही साधारणपणे बटणं दाबत बसत नाही, तो `href` असलेले दुवे पकडतो. उपाय सोपा निघाला. बटणाचा खरा दुवा केला:

```
<a href="/notebooks?page=2">आणखी दाखवा</a>
```

जावास्क्रिप्ट चालू असेल तर वह्या त्याच पानावर येतात, नसेल तर दुसरं पान उघडतं. वापरणाऱ्याला फरक जाणवत नाही आणि सहाही वह्या दुव्याने जोडल्या गेल्या.

भेटसंचांच्या बाबतीत मी आधी एक वाईट उपाय केला. 'सर्व वस्तू' नावाचं लांबलचक पान बनवलं आणि त्याचा दुवा फूटरमध्ये टाकला. पुढच्या क्रॉलमध्ये ते चौदाही अनाथांच्या यादीतून गेले. विक्री मात्र हलली नाही, कारण दोनशे नावांच्या त्या यादीत माणसं जात नव्हती. दुवा असणं आणि वाट असणं यांत फरक आहे, आणि क्रॉलर फक्त दुवा मोजतो. या पद्धतीची माझ्या मते ही सर्वांत मोठी मर्यादा. मग प्रत्येक संच त्यातल्या मुख्य वस्तूच्या विभागात टाकला: रंगांचा संच रंगांमध्ये, पेनांचा पेनांमध्ये. पानाच्या डोक्यावरची वाट, 'मुखपृष्ठ › रंग › संच' अशी, त्याच विभागावरून बांधली. त्यानंतर संच पुन्हा विकायला लागले.

'यासोबत हेही बघा' या पट्टीवर भिस्त ठेवू नका, हेही सांगते. आमच्याकडे ती दर वेळी वेगळ्या वस्तू निवडते. त्यामुळे एखादी वस्तू या क्रॉलमध्ये जोडलेली दिसते आणि पुढच्या क्रॉलमध्ये अनाथ. तक्त्यातल्या 'इथे कुठून येतात' या रकान्यात मी ती पट्टी धरतच नाही. तिथे कायम टिकणारी निदान एक वाट लिहिता आली पाहिजे.

तक्त्यातला हाच रकाना रोज उपयोगी पडतो. कुठलाही विभाग काढण्याआधी त्याच्या नावाने रकाना गाळून बघायचा. त्या विभागाशिवाय दुसरी वाट नसलेल्या ओळी समोर येतात आणि आधी त्यांची सोय लावता येते. ही सवय तेव्हा असती तर ते तीन आठवडे वाया गेले नसते. नवीन स्क्रीन बनवण्याआधीही मी हा रकाना भरते. भरता आला नाही तर स्क्रीन बनवायला घेत नाही.

ॲपच्या स्क्रीनना पत्ता असेलच असं नाही, म्हणून क्रॉलर तिथे कामाचा नाही. तिथे 'बॅक दाबल्यावर' हा रकाना हाताने तपासावा लागतो, आणि त्यातून दोन गोष्टी सापडल्या. पहिली सूचनेची. 'तुमची ऑर्डर निघाली' ही सूचना दाबली की थेट ऑर्डरची स्क्रीन उघडायची, पण बॅक दाबलं की ॲपच बंद व्हायचं. आत यायला वाट होती, पुढे दुकानात जायला नव्हती. अँड्रॉइडमध्ये अशा वेळी मागच्या स्क्रीनची साखळी आपण तयार करून द्यावी लागते, `TaskStackBuilder` त्यासाठीच आहे. आता बॅक दाबल्यावर ऑर्डरची यादी येते आणि त्यामागे मुखपृष्ठ. दुसरी जास्त गंभीर होती. ऑर्डर पक्की झाल्याच्या स्क्रीनवरून बॅक दाबलं की पैसे भरायची स्क्रीन पुन्हा भरलेल्या स्थितीत समोर यायची. एका ग्राहकाची ऑर्डर यामुळे दोनदा गेली. आता ऑर्डर पक्की झाली की पैसे भरायची स्क्रीन साखळीतून काढून टाकते, बॅक सरळ मुखपृष्ठावर नेतं. तीच ऑर्डर दोनदा स्वीकारायची नाही, ही अट सर्व्हरवरही घातली, कारण नेट मंद असलं की माणसं तेच बटण दोनदा दाबतात.

बंद झालेल्या वस्तूंचा प्रश्न अजून पूर्ण सुटलेला नाही. त्याच कामाची दुसरी वस्तू असेल तर जुना पत्ता 301 ने, म्हणजे कायमचा, तिकडे वळवते. नसेल तर पान काढून 410, म्हणजे 'हे पान कायमचं गेलं' असं उत्तर, देते आणि साइटमॅपमधूनही पत्ता काढते. आधी मी अशी सगळी पानं मुखपृष्ठाकडे वळवत होते. ते करू नये: माणूस गोंधळतो, आणि गूगल अशा वळवण्याला बहुधा सॉफ्ट 404, म्हणजे पान नसल्यासारखंच, धरतं. पण 'साठा संपलाय, परत येईल' आणि 'आता येणारच नाही' यांतलं नेमकं कुठलं, हे दुकानाकडून वेळेवर कळत नाही आणि तक्ता तिथे शिळा होतो. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालकीणबाईंसोबत वीस मिनिटं बसून त्या ओळी वाचतो, त्याहून चांगला उपाय मला मिळालेला नाही.

क्रॉल, तुलना आणि स्क्रीन तपासणं धरून महिन्याला दीड तास जातो. वस्तू हजारांवर असतील तर हाताने भरलेला तक्ता झेपणार नाही. तिथे वस्तूंऐवजी विभागांच्या आणि स्क्रीनच्याच ओळी ठेवाव्या आणि वस्तूंसाठी फक्त क्रॉलच्या तुलनेवर चालावं.

गेल्या महिन्यात यादीत दोनच पत्ते आले. एक वही नव्याने टाकली होती, तिला विभाग द्यायचा राहिला होता. तो त्याच दिवशी दिला. दुसरं अभिप्राय लिहायचं पान. ते ऑर्डरनंतर जाणाऱ्या इमेलमधूनच उघडावं असं आम्ही ठरवलेलं आहे, म्हणून शोधात ते येऊ नये यासाठी त्याला `noindex` लावलं, साइटमॅपमधून काढलं आणि तक्त्यात 'इथे कुठून येतात' समोर लिहिलं: फक्त इमेलमधून.