नाश्ता सोडावा की रात्रीचे जेवण अलीकडे आणावे?

काय खावे याच्या याद्यांना कंटाळून केव्हा खावे याकडे वळलेल्या माणसापुढे बहुधा दोन वाटा असतात. सकाळचा नाश्ता सोडून थेट दुपारी जेवावे आणि रात्रीचे जेवण घरच्यांबरोबर, जेव्हा होईल तेव्हा करावे, ही पहिली वाट. सकाळी थोडे खाऊन रात्रीचे जेवण झोपेच्या वेळेपासून तीनचार तास अलीकडे आणावे, ही दुसरी. मी दोन्ही वाटांनी प्रत्येकी सुमारे तीन महिने चाललो आहे. घरात वजनकाटा नसल्याने माझे मोजमाप म्हणजे कमरेच्या पट्ट्याचे भोक. तेव्हा पुढचे सारे त्याच बेताने वाचावे.

माझा दिनक्रम मुंबईत नोकरी करणाऱ्या पुष्कळांसारखाच आहे. सकाळी पावणेआठला डोंबिवली सोडायची, रात्री पावणेनऊच्या सुमारास घरी यायचे, दहा-सव्वादहाला जेवायचे आणि साडेअकराला झोपायचे. अशा माणसाला पहिली वाट आवडते याचे मला नवल वाटत नाही. तिच्यात करायचे काहीच नसते, फक्त एक गोष्ट करायची नसते. सकाळी घाई कमी होते, घरच्या कोणाला वेगळा त्रास होत नाही, आणि चारचौघांत सांगितले तर लोक मानही डोलावतात, कारण 55 मिनिटांत आटोपायच्या दोन जेवणांचा डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडलेला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी घरोघर नेलेला मार्ग महाराष्ट्रात सर्वांच्या ओळखीचा आहे.

शिवाय, नाश्ता चुकवला की माणूस हमखास जाड होतो, ही जुनी समजूत संशोधनाने बरीच सैल केली आहे. नाश्ता न करणाऱ्यांचे वजन जास्त असते असे अनेक पाहण्यांत दिसते, हे खरे. परंतु नाश्ता चुकवणारी माणसे बहुधा उशिरा झोपणारी, कमी हिंडणारी आणि धूम्रपान अधिक करणारीही असतात, त्यामुळे दोष नाश्त्याचा की बाकी साऱ्याचा हे नुसत्या पाहणीतून ठरत नाही. चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत तशी माणसे वाटून केलेले 13 प्रयोग मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात एकत्र तपासले, तेव्हा नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसाकाठी सुमारे 260 कॅलरी अधिक जात असल्याचे आणि त्यांचे वजन सरासरी अर्ध्या किलोच्या आतबाहेर जास्तच असल्याचे दिसले. नाश्ता न करणारा दुपारी त्याची पुरती भरपाई करतो, हा समज तिथे टिकला नाही. अर्थात हे प्रयोग काही आठवड्यांचे होते आणि त्यांचा दर्जाही फार पक्का नव्हता, हे त्याच संशोधकांनी बजावून ठेवले आहे.

एवढे वाचून मी निर्धास्तपणे नाश्ता सोडला. पहिले पंधरा दिवस उत्तम गेले. अकराच्या सुमारास पोटात कालवाकालव होई, ती चहावर निभावे, आणि एकच्या डब्याला खरोखर चव येई. या वाटेने मला जे छळले ते सकाळी नाही, रात्री नऊला. दार उघडून आत आले, बूट काढले, की स्वयंपाकघरात पोळ्या लाटणे चालू असे आणि जेवायला अजून तास असे. त्या तासात ओट्यापाशी उभ्या उभ्या शेवेचा डबा माझ्या हाती येई. आधी एक चिमूट, मग भाजलेले शेंगदाणे, मग पुन्हा शेव, आणि त्यानंतर पानावर बसलो की भूक मेलेली असूनही सवयीने नेहमीएवढेच जेवण. सकाळी वाचवलेले सगळे मी रात्री व्याजासकट भरत होतो. ‘एवढा उपाशी असतोस तर सकाळी दोन घास खाऊन का जात नाहीस?’ असे आईने विचारले, तेव्हा माझ्याकडे उत्तर होते, पण ते मला स्वतःलाच पटले नाही. मला सकाळी भूकच नसे, आणि सकाळी भूक नसण्याचे कारण रात्री सव्वादहाचे जेवण हे होते.

इथे माझ्या मनातली मांडणी उलटली. नाश्ता सोडण्याचा निर्णय मी घेतला आहे असे मी समजत होतो; वस्तुतः तो आदल्या रात्रीचे ताट माझ्यासाठी घेत होते. म्हणजे ज्यांना मी दोन सवयी समजत होतो, ती बरेचदा एकाच सवयीची दोन टोके असतात.

बोस्टनच्या ब्रिगॅम अँड विमेन्स रुग्णालयातील 2022 चा प्रयोग मला म्हणूनच फार बोलका वाटतो. वजन जास्त असलेल्या 16 जणांना प्रयोगशाळेत ठेवून त्यांना तेच अन्न दोन वेगळ्या वेळापत्रकांनी देण्यात आले. एका वेळापत्रकात उठल्यावर तासाभरात पहिले खाणे, तर दुसऱ्यात सगळी जेवणे सुमारे चार तास पुढे ढकललेली, म्हणजे पहिले खाणे उठल्यानंतर पाच तासांनी. नीट पाहिले तर दुसरे वेळापत्रक म्हणजे नाश्ता बुडवणे आणि रात्री उशिरा जेवणे यांची जोडगोळीच आहे. त्या वेळापत्रकात भूक लागण्याची शक्यता दुपटीने वाढली, पोट भरल्याची खबर मेंदूला देणारे लेप्टिन हे संप्रेरक घटले, आणि जागेपणी शरीराचा ऊर्जाखर्चही किंचित कमी झाला. यातला किती वाटा बुडवलेल्या नाश्त्याचा आणि किती रात्रीच्या जेवणाचा, हे त्या प्रयोगातून वेगळे काढता येत नाही. तरी शेवेच्या डब्यापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचे वर्णन त्यात मला नेमके सापडले.

फक्त रात्रीच्या जेवणाचा विचार करायचा तर जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा 2020 चा प्रयोग पाहावा. 20 निरोगी तरुणांना तेच जेवण एकदा संध्याकाळी 6 ला आणि एकदा रात्री 10 ला दिले. झोपायची वेळ दोन्ही दिवशी 11 चीच ठेवली. उशिरा जेवल्यावर रक्तातील साखरेचा चढ सुमारे 18 टक्क्यांनी उंच गेला आणि रात्रभरात जाळल्या जाणाऱ्या चरबीचे प्रमाण सुमारे 10 टक्क्यांनी घटले. अंधार पडल्यावर वाढत जाणारे मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यात थोडे मंद करते, हे यामागचे एक कारण मानले जाते. त्याच प्रयोगात एरवी लवकर झोपणाऱ्यांना उशिराच्या जेवणाचा फटका अधिक बसला, म्हणून घड्याळातल्या आकड्यापेक्षा जेवण आणि झोप यांतले अंतर पाहणे मला अधिक उचित वाटते. रात्री एकला झोपणाऱ्याचे नऊचे जेवण आणि दहाला झोपणाऱ्याचे नऊचे जेवण एकसारखे नव्हे. हे सारे एका रात्रीचे निष्कर्ष आहेत. त्यावरून वर्षाचे वजन काढू नये.

दुसऱ्या वाटेची खरी अडचण शास्त्राची नाही, डब्याची आहे. पावणेनऊला घरी येणाऱ्याने सातला जेवायचे तर ते कचेरीतच जेवायला हवे. मी दुसरा लहान डबा नेऊ लागलो आणि पहिल्याच आठवड्यात ओले खोबरे घातलेली फरसबीची भाजी संध्याकाळपर्यंत आंबली. झाकण उघडल्याबरोबर वास सांगतो, चव घेऊन पाहण्याची गरज नसते. सकाळी सहाला केलेले अन्न मुंबईच्या उकाड्यात तेरा तास बाहेर ठेवणे ही चूक माझीच होती. आता खोबरे नाही, रस्सा नाही. मटकीची कोरडी उसळ किंवा झुणका, दोन पोळ्या, एक काकडी, आणि डबा पोहोचल्या पोहोचल्या कचेरीतल्या फ्रिजमध्ये. पावणेसातला मी जेवतो आणि मग गाडी पकडतो. घरी आल्यावर सर्वांबरोबर पानावर बसतो, पण पुढ्यात ताकाचा पेला असतो. पहिला महिना हे पत्नीला रुचले नाही, आणि तिचे चुकले असे मी म्हणणार नाही, कारण दिवसातले एकमेव एकत्र जेवण मी अर्धे करून टाकले होते. शनिवार-रविवारी म्हणून आम्ही सगळेच आठच्या आत जेवतो. आमच्या मजल्यावरच्या जैन कुटुंबात चौविहारामुळे सूर्यास्तापूर्वी जेवणे उरकतात, त्यांना आमची ही सारी धडपड गमतीची वाटते.

फरक काय पडला? दोन आठवड्यांत सकाळी सातला आपोआप भूक लागू लागली आणि एक वाटी उपमा किंवा रात्रीच्या भाकरीचा कुस्करा मनापासून जाऊ लागला. शेवेचा डबा बंद करावा लागला नाही. त्याची आठवणच येईना. पट्टा तिसऱ्या महिन्याच्या अखेरीस एक भोक आत गेला, जो पहिल्या वाटेने हलला नव्हता. यात शेव सुटण्याचा वाटा किती आणि वेळ बदलण्याचा किती, हे मी सांगू शकणार नाही. अ‍ॅबर्डीन विद्यापीठाच्या 2022 च्या प्रयोगाकडे पाहता बहुधा पहिलाच मोठा असावा. तिथे 30 जणांना दिवसभराचे अन्न मोजून दिले होते, चार आठवडे सकाळी भरपेट आणि रात्री थोडे, मग चार आठवडे त्याच्या उलट. वजन दोन्ही वेळा सारखेच उतरले. सकाळचे अन्न शरीर अधिक जाळते हा आवडता सिद्धान्त त्यात पडला. पण सकाळी भरपेट खाल्लेल्या दिवसांत भूक मात्र कमी राहिली. मोजून दिलेल्या ताटावर भूक कमी असो की जास्त, काही बिघडत नाही. ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाचे ताट कोणी मोजत नसते.

तरीही पहिली वाट कोणासाठीच नाही असे मी म्हणणार नाही. ज्याला रात्री आठच्या आत जेवणे सहज जमते, सकाळी खरोखर भूक नसते आणि संध्याकाळी हात फरसाणाकडे जात नाही, त्याने नाश्ता सोडल्याने काही बिघडेल असे आजचे संशोधन सांगत नाही. उलट त्याचे थोडे भलेही होईल. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र कोणतेही जेवण डॉक्टरांना विचारल्याशिवाय गाळू नये किंवा पुढे-मागे करू नये, कारण औषधाची मात्रा जेवणाच्या वेळेवर बसवलेली असते. आणि दोन्हींपैकी एकच बदल करण्याइतके बळ असेल तर मी नाश्त्याला हात न लावता आधी रात्रीचे जेवण हलवीन. ते तासभर जरी अलीकडे आले तरी सकाळी भूक लागते की नाही हे दोनेक आठवड्यांत कळते, आणि नाश्ता करावा की सोडावा हा प्रश्न त्यानंतर विचारला तर त्याचे उत्तर पोटच देते.