बिलावर नऊ टक्के छापलेत, वसूल सव्वादहा टक्के केलेत

आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या पाइपलाइनचं काम टप्प्याटप्प्यानं चालू होतं. सामान एकाच दुकानदाराकडून येत होतं आणि प्रत्येक बिल रीतसर होतं : जीएसटी नंबर, एचएसएन कोड, सही-शिक्का, सगळं जागच्या जागी. आधीचे खजिनदार काका बिल आलं की कॅल्क्युलेटर घेऊन रकान्यांची बेरीज करायचे. ती पैशापैशानं जुळायची आणि चेक निघायचा. मी खजिनदार झाल्यावर आलेलं बिलही असंच जुळत होतं. खोट होती ती आडव्या ओळीत. नग गुणिले दर, वजा सूट, त्यावर कर, हा हिशेब कोणी करून बघितलेला नव्हता.

दुकानदारानं बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला होता. पाचच ओळी होत्या. नग, दर, सूट टक्के, करपात्र रक्कम, सीजीएसटी ९ टक्के, एसजीएसटी ९ टक्के एवढे रकाने. सूट वजा होण्याआधीची रक्कम दाखवणारा रकानाच नव्हता, आणि सगळी गोम तिथेच होती.

फोटोवरून शीट करायला मोबाइलमधल्या एक्सेलची चित्रातून तक्ता उचलायची सोय वापरली. गूगल लेन्सनं मजकूर कॉपी करूनही जमतं. उचललेले आकडे मात्र लगेच खरे धरायचे नाहीत. फोटो तिरका असेल तर १ चा ७ होतो, दशांश चिन्ह गळून 23,541.76 चे तेवीस लाख होतात. त्याहून छुपी भानगड म्हणजे एखादा आकडा शीटमध्ये अक्षरं म्हणून बसतो. तो चौकटीत डावीकडे चिकटलेला दिसतो आणि SUM त्याला मुकाट्यानं वगळतं, चूक म्हणून काहीच दाखवत नाही. शंका आली तर =ISNUMBER(E2) लिहून बघा, FALSE आलं तर तो आकडा हातानं टाइप करा.

छापील आकडे मी एका बाजूला ठेवले आणि त्यांना नंतर हात लावला नाही. B मध्ये नग, C मध्ये दर, D मध्ये सूट, E मध्ये छापील करपात्र रक्कम, F मध्ये छापील सीजीएसटी. आपला हिशेब त्यांच्या पुढच्या रकान्यांत :

```
H2: =ROUND(B2*C2*(1-D2/100),2)
I2: =ROUND(H2*9/100,2)
J2: =E2-H2
K2: =ROUND(F2/E2*100,2)
```

H म्हणजे खरी करपात्र रक्कम, I म्हणजे तिच्यावरचा सीजीएसटी, J म्हणजे छापील आणि खऱ्यातला फरक. K सगळ्यात कामाचा : छापील कर हा छापील रकमेच्या नेमका किती टक्के पडतो ते तो सांगतो.

बॉल व्हॉल्व्हच्या ओळीत J मध्ये १,८०० आले. १८ नग, ३६५ दर, १२ टक्के सूट, म्हणजे ५,७८१.६० हवेत. बिलावर ७,५८१.६०. आकड्यांची अदलाबदल दिसली की पहिला संशय फोटो वाचण्यातल्या चुकीचा येतो. तो असा फेडायचा : उचललेल्या E रकान्याची बेरीज बिलावरच्या छापील बेरजेशी लावायची. दोन्हीकडे ५३,२०४.९६ आले. म्हणजे वाचन बरोबर होतं, बिलावरच ७,५८१.६० छापलं होतं आणि पुढची बेरीजही तोच आकडा धरून केली होती. काकांची बेरीज का जुळायची ते इथे उमगलं.

मग K रकाना बघितला. सॉल्व्हंटच्या ओळीत ९.०० बरोबर, पण त्या ओळीला सूटच नव्हती. पाइप आणि एल्बोला १२ टक्के सूट, तिथे १०.२३. टाक्यांना ५ टक्के सूट, तिथे ९.४७. सूट जितकी जास्त तितका कराचा टक्का जास्त. याचा अर्थ एकच निघतो : कर सूट देण्याआधीच्या रकमेवर लावलाय. पाइपची ओळ बघा. ६४ नग, दर ४१८, एकूण २६,७५२, सूट जाऊन २३,५४१.७६. यावर सीजीएसटी २,११८.७६ होतो. बिलावर होते २,४०७.६८, म्हणजे २६,७५२ चे नऊ टक्के. बिलातच दाखवलेली सूट करपात्र रकमेतून आधी वजा व्हायला हवी, असं सीजीएसटी कायद्याचं कलम १५ सांगतं. बारा टक्के सूट आम्हाला दिली, आणि त्या सुटीवरचा कर आमच्याचकडून घेतला!

व्हॉल्व्हच्या ओळीत K ७.८० आला, इतर ओळींच्या उलट नऊच्याही खाली. छापील सीजीएसटी ५९१.३० होता. त्याला ०.०९ नं भागलं की ६,५७० येतात, म्हणजे १८ गुणिले ३६५. कराचा रकाना ६,५७० धरून बसलेला, आणि शेजारी सूट वजा करूनही ७,५८१.६०! सूट दिल्यावर रक्कम वाढत नसते. कर आधी निघाला आणि करपात्र आकडा नंतर हातानं बदलला गेला, असाच याचा अर्थ मी लावला.

सगळं धरून बिल ६३,४२२ चं. शीटप्रमाणे ६०,६५८. फरक २,७६४ : १,८०० व्हॉल्व्हच्या ओळीतले, बाकीचे कराचे. एक-दोन पैशांचा फरक ओळीओळीनं रक्कम दोन दशांशांपर्यंत राउंड केल्यामुळे पडतो, त्यावरून कुणाशी भांडू नका. शेवटच्या रकमेत रुपयाच्या आतला फरकही चालतो.

दुकानदाराचं पहिलं उत्तर, "साहेब, कॉम्प्युटरनं काढलेलं बिल आहे, चूक कशी होईल?" दुसरं, "आकडे टाकताना इकडचं तिकडं झालं असेल." मग फाइलमधल्या जुन्या बिलांचे फोटो काढून त्याच शीटमध्ये टाकले. कराचा नमुना सगळीकडे तोच. आणि प्रत्येक बिलात कुठल्यातरी एकाच ओळीत अंकांची अदलाबदल, दर वेळी वेगळ्या ओळीत, पण दर वेळी रक्कम वाढवणारी. टायपिंगची चूक कधीतरी आमच्या बाजूनंही पडली असती की.

सोसायटी जीएसटीत नोंदलेली असती तर पोर्टलवर जीएसटीआर-२बी मध्ये त्यानं आमच्या नावावर किती कर दाखवला ते दिसलं असतं. आम्ही नोंदणीत नाही. अशा ग्राहकांची राज्यातली विक्री दुकानदार एकत्रित दाखवतो, त्यामुळे आमचं बिल तिथे सुटं सापडतच नाही. जास्तीचा कर सरकारात गेला की खिशात राहिला, ते आम्हाला कळायचा मार्ग नव्हता.

शीटलाही पकडता न येणाऱ्या गोष्टी आहेत. दरच चढा लावला किंवा ६४ ऐवजी ६० पाइप आले, तर गुणाकार बरोबरच येतो. त्यासाठी कोटेशन आणि माल उतरवतानाचं चलन शेजारी लागतं.

ताज्या बिलाची क्रेडिट नोट आम्हाला मिळाली. मागच्या बिलांचं मात्र "बघतो" चालू आहे. समितीनं त्याची पुढची ऑर्डर थांबवली आणि शीटच्या प्रिंटसह लेखी मागणी दिलीय. मुदतीत पैसे आले नाहीत तर ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवणार आहोत. नव्या दुकानदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं, सुटीआधीची रक्कम वेगळ्या रकान्यात छापा. त्यानं काही न विचारता छापली.