खोटी एक्स्पायरी, पण नऊ महिने पुसता आले नाहीत

जून २०२५ मध्ये आमच्या भागातल्या एका दुकानात बदामाच्या कुकीज अर्ध्या किमतीत मिळत होत्या. पाकिटावर एक्स्पायरी २७/०८/२५ होती, म्हणजे अजून दोन महिने बाकी. घरी पाकीट फोडलं तर बदाम खवट. मग पाकीट नीट उलटसुलट करून बघितलं.

त्यावर तीन गोष्टी होत्या. उत्पादनाची तारीख २७/०५/२४. पोषणमूल्यांच्या तक्त्याखाली बारीक अक्षरात ‘उत्पादनापासून नऊ महिन्यांपर्यंत उत्तम’. आणि ती एक्स्पायरी. आता हिशेब करा. नऊ महिने म्हणजे वर्षाला तीन कमी, म्हणून पुढच्या वर्षीची तीच तारीख धरायची आणि तीन महिने मागे यायचं: २७ मे २०२५ वरून २७ फेब्रुवारी २०२५. पाकिटावरची एक्स्पायरी मात्र उत्पादनापासून पंधरा महिन्यांवर होती. माल फेब्रुवारीतच संपला होता.

ही चलाखी कशी चालते ते सांगते. तारखा कारखान्यात पाकीट भरताना शाईने मारतात, त्या स्पिरिट किंवा थिनरने पुसता येतात. ‘नऊ महिने’ हे मात्र पाकिटाच्या मूळ छपाईतच असतं, ते सहजी जात नाही. आमच्या पाकिटावर उत्पादनाची तारीख ठिपक्याठिपक्यांची होती, एक्स्पायरी भरीव शिक्क्याची, आणि तिच्याभोवतीचा रंग फिका पडलेला. एकाच यंत्राने मारलेल्या दोन ओळी अशा वेगळ्या दिसत नाहीत.

महिने मोजताना तीस-तीस दिवस धरू नका, तारीख तीच ठेवून महिना पुढे न्या. ३१ मेचा माल असेल तर फेब्रुवारीत ३१ नसते, तिथे महिन्याचा शेवटचा दिवस धरा. आणि मोजणी उत्पादनाच्या तारखेपासून, खरेदीपासून नव्हे. काही दुकानदार बिनधास्त सांगतात, “नेल्यापासून नऊ महिने चालेल.” चालत नाही.

दोन्ही तारखा बदलल्या असतील तर हा हिशेब बरोबर जुळेल, तिथे तो उपयोगाचा नाही. अशा वेळी बॅच नंबर बघायचा. मी दुसऱ्या दुकानात त्याच बॅचचं पाकीट शोधलं. मालकाने ते परत पाठवायच्या खोक्यात बाजूला टाकलं होतं आणि त्यावर एक्स्पायरी होती २७/०२/२५.

आमच्या दुकानदाराने आधी “कंपनीचीच चूक” म्हटलं, मग मुकाट्याने पैसे देऊ केले, पण पाकीट परत मागितलं. ते दिलं नाही. दोन्ही पाकिटांचे फोटो, बिल आणि बॅच नंबर घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिली. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे. पैसे परत मिळाले म्हणून पाकीट देऊन टाकलंत, तर दाखवायला काही उरत नाही, आणि उरलेली पाकिटं मांडणीवर तशीच विकली जातात.