पॉइंट 6,310, हातात 2,570: एका क्रेडिट कार्डाचा वर्षभराचा हिशेब

हे कार्ड माझ्याकडे दोन वर्षं होतं. पहिल्या वर्षी फी भरली की बँक वेलकम पॉइंट देते, त्यामुळे ते वर्ष गोड वाटतं. खरं काय ते दुसऱ्या वर्षी कळतं. म्हणून जून 2024 ते मे 2025 ची बारा स्टेटमेंटं काढून बसलो. बँकेचं नाव लिहीत नाही, कारण आकडे थोडेफार बदलून हाच प्रकार बऱ्याच कार्डांवर होतो.

हिशेब फी लागते त्या महिन्यापासून धरायचा, जानेवारी किंवा एप्रिलपासून नाही. माझी फी जूनच्या स्टेटमेंटमध्ये आली: 2,500 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 450, म्हणजे 2,950. गप्पांमध्ये आपण "अडीच हजारांचं कार्ड" म्हणतो, तिथेच साडेचारशे रुपये विसरलेले असतात.

वर्षाचा एकूण खर्च 3,12,000. दर 150 रुपयांना 4 पॉइंट. पण पेट्रोलचे 36,000 आणि फोनच्या ईएमआयचे 24,000 यांवर एकही पॉइंट नाही, मग उरले 2,52,000. त्यावर 6,720 पॉइंट यायला हवे होते, जमा झाले 6,310. बाकीचे गेले कुठे? दीडशेचा हिशेब एकूण बिलावर होत नाही, प्रत्येक व्यवहारावर होतो. 290 रुपयांचा किराणा घेतला तर चारच पॉइंट, वरचे 140 रुपये हवेत. 149 चं औषध घेतलं तर शून्य. वर्षात असे दोनशेच्या आसपास व्यवहार होते. दर व्यवहारामागे सरासरी दोन पॉइंट गळाले की चारशे सहज जातात. छोट्या खरेदीला कार्ड पुढे करायची सवय होती, ती यानंतर गेली.

आता एका पॉइंटची किंमत. अ‍ॅपवर "प्रति पॉइंट 50 पैशांपर्यंत" असं झळकतं. त्यातला "पर्यंत" महत्त्वाचा. बिलातून वळते केले तर 20 पैसे मिळतात, वर रिडेम्प्शनचे 99 रुपये आणि जीएसटी. कॅटलॉगमध्ये 6,000 पॉइंटांना एक हँड ब्लेंडर होता, किंमत 2,995 दाखवलेली. तोच ऑनलाइन 1,649 ला मिळत होता, म्हणजे पॉइंट जेमतेम 27 पैशांचा. वस्तूची एमआरपी धरायची नाही, आपण ती खिशातून घेतली असती तर कितीला पडली असती ते धरायचं. 50 पैसे फक्त बँकेच्या पोर्टलवरून विमानाचं तिकीट काढलं तर. मे महिन्यात पुणे–नागपूर काढलं. पोर्टलवर भाडं 4,850, विमान कंपनीच्या साइटवर त्याच फ्लाइटचं 4,420. सहा हजार पॉइंटांनी 3,000 कमी झाले, पण 430 रुपये आधीच जास्त लावलेले होते. खरा फायदा 2,570, म्हणजे पॉइंटमागे 43 पैसे. माझ्या वापरात याहून चांगला भाव मिळाला नाही.

इथपर्यंत मी 380 रुपयांनी तोट्यात होतो. तेवढ्यावर मी कुरकुरलो नसतो. खरा खड्डा दिवाळीत पडला.

बिल दर महिन्याच्या 18 तारखेला, भरायची मुदत पुढच्या 7 तारखेपर्यंत. ऑक्टोबरचं बिल 41,300 आलं. त्यात तीन मोठ्या गोष्टी होत्या: 24 सप्टेंबरला गाडीचे टायर 6,300, घटस्थापनेला म्हणजे 3 ऑक्टोबरला वॉशिंग मशीन 20,000, आणि दसऱ्याला 12 तारखेला कपडे 15,000. बोनस उशिरा येणार होता, म्हणून 6 नोव्हेंबरला 30,000 भरले आणि 11,300 ठेवले. माझं गणित साधं होतं: 11,300 वर महिन्याला 3.6 टक्के, म्हणजे 407 रुपये. चालेल.

18 नोव्हेंबरच्या स्टेटमेंटमध्ये FINANCE CHARGES या ओळीसमोर 2,140 आणि खाली जीएसटी 385. आधी वाटलं बँकेची चूक आहे. कस्टमर केअरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, "सर, पूर्ण बिल भरलं नाही की इंटरेस्ट-फ्री पिरियड जातो." मग अटींचं पत्रक काढलं आणि कागदावर मांडलं.

व्याज उरलेल्या रकमेवर लागत नाही. प्रत्येक खरेदीवर तिच्या तारखेपासून लागतं, भरलेल्या तीस हजारांवरसुद्धा ते भरले त्या दिवसापर्यंत. रकमेला दिवसांनी गुणायचं. टायर 43 दिवस, मशीन 34, कपडे 25: बेरीज 13,25,900. मग 11,300 पुढचे 12 दिवस: 1,35,600. आणि जे मला माहीतच नव्हतं ते म्हणजे नव्या खरेदीलाही सवलतीचे दिवस मिळत नाहीत. 22 ऑक्टोबरचा फराळाचा नि किराण्याचा खर्च 9,000 आणि 5 नोव्हेंबरची परतीची तिकिटं 8,000, यांचे आणखी 3,47,000. महिन्याचे 3.6 टक्के म्हणजे वर्षाचे 43.2:

```
18,08,500 × 43.2% ÷ 365 ≈ 2,140
```

बँकेचा आकडा रुपयासकट बरोबर होता. चूक माझीच.

नोव्हेंबरचं बिल मग 5 डिसेंबरला पूर्ण भरलं. तरी डिसेंबरच्या स्टेटमेंटमध्ये 640 व्याज आणि 115 जीएसटी आलंच, कारण 18 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर या दिवसांचं व्याज मागच्या बिलात आलेलं नसतं. बरेच जण इथे "सगळं भरलं, आता हे काय?" म्हणून भांडतात. वर्षाचा हिशेब करताना शेवटच्या महिन्यात काही थकवलं असेल, तर तेराव्या स्टेटमेंटकडेही बघावं लागतं ते याचसाठी.

म्हणजे 11,300 रुपये महिनाभर लांबवायचे 3,280 पडले. त्या दोन बिलांतल्या 58,300 च्या खरेदीवर जास्तीत जास्त साडेपंधराशे पॉइंट मिळाले असतील, 43 पैशांनी साडेसहाशे-पावणेसातशे रुपये. फी धरून वर्षात बँकेला गेले 6,230, मला आले 2,570. तोटा 3,660. बायकोने वही बघून विचारलं, "मग एवढे पॉइंट जमवत कशाला होतास?" उत्तर नव्हतं.

मी शून्याशी तुलना करतोय, हेही खरं तर स्वतःला सूट देणंच आहे. आयुष्यभर फी नसलेलं, एक टक्का कॅशबॅक देणारं कार्ड वापरलं असतं तर त्याच 2,52,000 वर 2,520 रुपये सरळ बिलात वजा झाले असते, पोर्टलची भानगड न करता. व्याज नसतं तरी माझ्या कार्डाची फी निघायला 43 पैशांच्या भावाने 6,860 पॉइंट लागतात. माझ्या गळतीच्या वेगाने ते पावणेतीन लाखांच्या खरेदीनंतर होतात, आणि तेव्हा कुठे आपण शून्यावर येतो. वर्षाला चार-पाच विमान प्रवास करणाऱ्याला आणि एकही बिल न थकवणाऱ्याला हे कार्ड परवडेल. आमच्या घरात विमान वर्षातून एकदा, तेही सासरच्या लग्नाला.

2025 च्या जूनआधी कार्ड बंद करायला फोन केला. लगेच ऑफर आली: फी भरा, 3,000 बोनस पॉइंट देतो. माझ्या भावाने ते 1,290 रुपये, आणि भरायचे 2,950. नको म्हटलं. फी माफ करा म्हटलं, तर पाच लाखांचा खर्च लागतो म्हणाले. बंदच करायला सांगितलं. सगळी बाकी चुकती असेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे; माझं चौथ्या दिवशी बंद झालं. शिल्लक 310 पॉइंट मात्र बुडाले. कमीत कमी 500 असल्याशिवाय वापरता येत नाहीत, हे मला त्या फोनवरच कळलं.