पाच इंचाचे पैसे, चार इंचाचा स्लॅब आणि वर जाड कोबा

घराच्या गच्चीचा स्लॅब ड्रॉइंगमध्ये १२५ मिमी, म्हणजे पाच इंच. ठेकेदाराने पाच इंचाचे पैसे घेतले आणि मधल्या भागात चार इंच ओतले. वर पाणी साचतंय म्हणून कोबा जाड करावा लागेल असं सांगून त्याचेही जादा पैसे घेतले. मालकाने जाब विचारला, तेव्हा ओळखीच्या माणसाकडून एक हिशेबाचा कागद आणून दिला: 'स्लॅबचं वजन कमी झालंय, उलट फायदाच आहे.' लोक ज्या एका गोष्टीवर फसतात ती हीच, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहितो आहोत.

घर १२ मीटर बाय ९ मीटर, म्हणजे स्लॅबचं क्षेत्रफळ १०८ चौरस मीटर. बीम असे की प्रत्येक खण ४ बाय ३ मीटरचा. आयएस ४५६ प्रमाणे सळईसह काँक्रीटचं वजन घनमीटरला २५ किलोन्यूटन धरतात, म्हणजे ढोबळ अडीच हजार किलो. त्याला मीटरमधल्या जाडीने गुणलं की एका चौरस मीटरचं वजन मिळतं. १२५ मिमीला २५ × ०.१२५ = ३.१२५ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला साधारण ३१० ते ३२० किलो. १०० मिमीला २.५ किलोन्यूटन. इथपर्यंत ठेकेदाराचं म्हणणं खरंच आहे, वजन पाचव्या हिश्शाने कमी झालं.

पण स्लॅबवर फक्त स्लॅबचं वजन नसतं. मूळ डिझाइनमध्ये सरासरी १०० मिमी विटांच्या तुकड्यांचा कोबा धरला होता. तो घनमीटरला २० किलोन्यूटनच्या आसपास भरतो, म्हणजे चौरस मीटरला २.०. खालचा गिलावा ०.२५. माणसांच्या वावराच्या गच्चीवर चल भार १.५. एकूण ६.८७५ किलोन्यूटन.

प्रत्यक्षात काय झालं? कडेला पाच इंचाची फळी लावलेली होती, त्यामुळे बाहेरून टेप लावला की बरोबर पाच इंच दिसायचे. आत मात्र रंधा खाली धरून एक इंच कमी ओतलं. स्लॅबला थाळीसारखा खोलगट आकार आला आणि पाणी मध्ये साचू लागलं. ती थाळी भरून वर पुन्हा कडेच्या पाइपांकडे ढाळ द्यायचा, म्हणून कोबा सरासरी १५० मिमी झाला. आता बेरीज करा: स्लॅब २.५, कोबा ३.०, गिलावा ०.२५, चल भार १.५. एकूण ७.२५. 'हलका' झालेला स्लॅब मूळ हिशेबापेक्षा जास्त भार उचलतो आहे, पूर्ण गच्चीवर जवळजवळ चार टन जास्त.

ठेकेदाराच्या कागदावर ही बेरीज ५.० होती. स्लॅब २.५, 'फिनिश' १.० आणि चल भार १.५. आकडे खोटे वाटत नाहीत, कारण स्लॅबची ओळ अगदी बरोबर आहे. लबाडी फिनिशच्या ओळीत आहे: दीडशे मिमी कोबा आणि गिलावा मिळून ३.२५ होतात, तिथे १.० लिहिलं. असा कागद कोणी दिला तर फिनिशसमोर जाडी आणि घनमीटरचं वजन वेगवेगळं लिहून मागा. ते लिहिलं की आकडा लपवायला जागा उरत नाही. कधीकधी स्लॅबसाठीच २५ ऐवजी २४ धरलेलं आढळतं, तो बिनसळईच्या काँक्रीटचा आकडा आहे. फरक छोटा असतो, पण कागद कोणत्या हेतूने केलाय ते कळतं.

भार तर वाढला, आणि ताकद घटली. २० मिमी कव्हर आणि १० मिमीची सळई धरली, तर १२५ मिमीच्या स्लॅबमध्ये सळईच्या मध्यापासून वरच्या पृष्ठभागापर्यंत १०० मिमी मिळतात. चार इंचात ७५ मिमीच उरतात. सळईवरचा ताण साधारण या अंतराच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. भार साडेपाच टक्के जास्त आणि अंतर पाव हिस्सा कमी, म्हणजे ताण सुमारे ४० टक्के जास्त. ताठपणा जाडीच्या घनावर चालतो, तो जवळजवळ निम्मा राहिला.

बीमवरच्या सळयांचं हाल आणखी वाईट. वरची सळई टेकवण्यासाठी ज्या खुर्च्या बनवल्या त्या पाच इंचाच्या हिशेबाने. त्यांच्यावर सळईचा माथा तळापासून १०५ मिमीवर येतो, आणि काँक्रीट तर १०० मिमीच. म्हणजे सळई उघडी पडणार. ती दिसू नये म्हणून मजूर खुर्च्या पायाने दाबून खाली बसवतात. मग बीमच्या माथ्यावर, नेमकी जिथे सळई वर हवी तिथे ती खाली जाते, आणि कोब्याखाली बीमच्या रेषेत तडे पडतात. पुढे खालून ओल दिसते ती छतभर न पसरता बीमला धरून सरळ रेषेत. अशी ओल दिसली की वॉटरप्रूफिंगवाल्याला बोलावण्याआधी जाडी तपासा.

तपासणीचं सगळ्यात सोपं साधन मालकाच्या हातातच असतं: रेडिमिक्सच्या गाड्यांची चलनं. स्लॅब १०८ × ०.१२५ = १३.५ घनमीटर. बीमची एकूण लांबी ८४ मीटर, रुंदी २३० मिमी, स्लॅबखाली ३२५ मिमी, म्हणून आणखी ६.३. एकूण १९.८ घनमीटर यायला हवं होतं. चलनं होती ६, ६ आणि ५.५ ची, म्हणजे १७.५. बीमचे ६.३ वजा करून १०८ ने भागलं की सरासरी जाडी निघते १०४ मिमी. सांडलवंड होते ती काँक्रीट जास्त लागण्याकडे, कमी लागण्याकडे नाही. त्यामुळे इथे सबब चालत नाही. साइटवर मिक्सरने केलं असेल तर सिमेंटच्या गोण्यांवरून अंदाज येतो, पण तो इतका पक्का नसतो.

ओतताना एका सळईच्या तुकड्यावर १२५ मिमीला रंगाची खूण करून ओल्या काँक्रीटमध्ये प्लेटपर्यंत खुपसा. प्रत्येक खणात मध्यभागी आणि बीमजवळ, कडेला मुळीच नाही. काम होऊन गेलं असेल, तर कोबा टाकण्याआधी सळई शोधक यंत्राने जागा मोकळी आहे ना ते पाहून खणाच्या मध्यात आरपार बारीक भोक पाडा आणि तारेने जाडी मोजा.

कोबाही होऊन गेला असेल तर? इथे त्याच गुणाकाराचा उपयोग होतो. कोबा पूर्ण काढला, मेम्ब्रेन आणि त्यावर ४० मिमीचा पातळ थर दिला, तर ३.० च्या जागी साधारण १.० येतो आणि एकूण भार ५.२५ होतो. खणाच्या मध्यातल्या सळईवरचा ताण मूळ डिझाइनच्या जवळपास परत येतो. बीमवरच्या दबलेल्या सळया आणि निम्मा ताठपणा मात्र तसाच राहतो, त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरने प्रत्यक्ष पाहूनच ठरवावं लागतं. कोबा काढताना डबर एका खणात रचू देऊ नका: अर्धा मीटर उंच ढीग चौरस मीटरला सात किलोन्यूटनच्या घरात जातो, आणि तो या पातळ स्लॅबवर आधीच्या वजनाच्या भरीला पडतो.