सर्व्हर बंद असताना बिलं: आधीच काढायची की हाताने लिहायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात शनिवारी दुपारी ४ ते रात्री १० सर्व्हर बंद राहणार आहे. नोटिशीचा मसुदा माझ्याकडे आला, त्यात ‘४ वाजता’ एवढंच होतं. बॅकअप सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी बाहेर पडावं लागतं, म्हणून शेवटची एंट्री ३:३० पर्यंत, असं मी वर ठळक लिहिलं. बिलिंग, स्टॉक आणि गेटपास बंद. हजेरीचं मशीन आणि ईमेल चालू. हेही लिहावंच लागतं, नाहीतर फोन घेता घेता पुरे होते.

खरा प्रश्न संध्याकाळच्या गाड्यांचा. दोन वाटा आहेत.

पहिली, बिलं दुपारीच काढून ठेवायची. काम सोपं, पुन्हा टायपिंग नाही. पण माल अजून भरलेला नसतो. हैदराबादच्या व्यापाऱ्याचं ४० गाठींचं बिल काढलं आणि गाडीत ३७च बसल्या, तर बिल चुकलं. ते दुरुस्त करायला सिस्टिमच नाही. गाडीसोबत मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं ई-वे बिलही काढून झालं असेल, तर ते २४ तासांत रद्द करून नवं काढायचं.

दुसरी वाट हाताची. पावतीपुस्तक वेगळ्या मालिकेचं हवं, उदाहरणार्थ `M/001` पासून. जीएसटी कायद्याला एकापेक्षा जास्त मालिका चालतात, फक्त क्रमांक सलग हवेत आणि १६ अक्षरांपेक्षा मोठे नकोत. सिस्टिमचाच पुढचा नंबर हाताने टाकू नका. सर्व्हर चालू झाला की तोच नंबर दुसऱ्या बिलाला लागतो.

ई-वे बिलाला आमचा सर्व्हर लागत नाही, मोबाईलवरून ewaybillgst.gov.in वर थेट निघतं. बिल ६८,००० चं असेल तर हैदराबादला ते लागतंच, कारण परराज्यात मर्यादा ५०,००० आहे. तोच माल पुण्याला गेला तर लागत नाही, महाराष्ट्रात मर्यादा १ लाख आहे. गेटवर हा फरक माहीत नसला की गाडी उगाच उभी राहते.

हाताच्या बिलाचा खरा धोका सोमवारी असतो. एंट्री करताना सिस्टिमने त्याच मालाचं दुसरं ई-वे बिल काढू नये, म्हणून तो पर्याय आधी बंद करा आणि पोर्टलवरचा १२ अंकी नंबर हाताने भरा. रद्द झालेलं पानही पुस्तकातच ठेवा. संध्याकाळी वापरलेली पानं आणि सोमवारच्या एंट्र्या मोजा. आकडे जुळले नाहीत, तर एक बिल कुठेतरी राहिलंय.

तुमच्या कारखान्याची उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली असेल, तर व्यापाऱ्याला नुसतं हाताचं बिल चालत नाही. ई-इनव्हॉइसचा नंबर लागतो, त्यामुळे तिथे पहिलीच वाट धरा.

आमच्याकडे मी मध्ये रेघ मारली: ३ वाजेपर्यंत भरून ताडपत्री बांधलेल्या गाड्यांची बिलं आधी, उरलेल्यांची `M` मालिकेत. पुस्तक गेटवर नाही, डिस्पॅचच्या टेबलावर, एकाच माणसाच्या हातात.