स्क्रीनशॉटमधल्या ओळी जोडायच्या कशा: मेनूतून की डोळ्यांनी?

आमच्या सेलूतल्या टायपिंगच्या दुकानात खरिपाच्या तोंडावर हे काम हमखास येतं. शेतकरी गटातलं कुणीतरी बीजप्रक्रियेचा, बोलणं खाली लिहून येणारा व्हिडिओ बघतं, थांबवून थांबवून स्क्रीनशॉट काढतं आणि म्हणतं, "दादा, खालच्या ओळी सलग एका कागदावर काढून द्या. गटात वाटायच्यात." व्हिडिओ यूट्यूबवर असेल आणि तिथं सगळं बोलणं लिहून दाखवणारं Show transcript दिसत असेल, तर हा सगळा उपद्व्याप करूच नये. पण स्टेटसला आलेला व्हिडिओ दुसऱ्या दिवशी गायब झालेला असतो आणि ओळी चित्रातच छापलेल्या असतात. मग हाताशी फक्त स्क्रीनशॉट उरतात.

गूगल लेन्सनं चित्रातला मजकूर उचलण्यापर्यंत दोन्ही रस्ते सारखेच आहेत. फाटा फुटतो तो पुढं. बहुतेक व्हिडिओंत एका वेळी दोन ओळी दिसतात. नवी ओळ खाली येते आणि आधीची खालची ओळ वर सरकते. त्यामुळे पाठोपाठच्या दोन चित्रांत एक ओळ सामाईक असते आणि सगळा मजकूर एकाखाली एक चिकटवला की तीच ओळ दोनदा येते. ही दुसरी ओळ संगणकावरच्या Notepad++ या प्रोग्रॅमकडून काढून घ्यायची, की आपण वाचत वाचत खोडायची, एवढाच प्रश्न आहे.

Notepad++ वाला रस्ता झटपट आहे, ते नाकारत नाही. त्यात Edit मध्ये Line Operations आहे आणि तिथं दोन पर्याय शेजारी शेजारी आहेत: Remove Duplicate Lines आणि Remove Consecutive Duplicate Lines. घाईत माणूस पहिला दाबतो, आणि घोळ तिथंच होतो. ही पाच चित्रं बघा:

१) पेरणीआधी शेतकऱ्यांनी / बियाण्याला बुरशीनाशक लावावे
२) बियाण्याला बुरशीनाशक लावावे / नंतर बियाणे सावलीत सुकवावे
३) नंतर बियाणे सावलीत सुकवावे / त्यानंतर कीटकनाशक लावावे
४) त्यानंतर कीटकनाशक लावावे / नंतर बियाणे सावलीत सुकवावे
५) नंतर बियाणे सावलीत सुकवावे / शेवटी रायझोबियम चोळावे

सावलीत सुकवायचं बोलणाऱ्यानं दोनदा सांगितलंय, आणि दोन्ही वेळा ते मुद्दाम सांगितलंय. Remove Duplicate Lines दाबलं की पहिली ओळ राहते आणि दुसरी जाते. कागदावर उरतं ते असं की कीटकनाशक लावा आणि लगेच रायझोबियम चोळा. रायझोबियम म्हणजे जिवंत जिवाणू, औषधाच्या ओल्या थरावर तो चोळायचा नसतो. वाचणाऱ्याला मात्र कागद अगदी नीट दिसतो. कीर्तनाच्या व्हिडिओत हाच पर्याय ध्रुपद एकदाच ठेवतो आणि बाकी सगळ्या ठिकाणचं उडवतो.

दुसरा पर्याय, म्हणजे फक्त लागोपाठच्या जुळ्या ओळी काढणारा, वरच्या उदाहरणात बरोबर उत्तर देतो. दोन ओळींची चित्रं असतील तर सामाईक ओळी लागोपाठच येतात आणि बरोबर एकेक गळते. चित्रात तीन ओळी असल्या आणि दोन सामाईक असल्या, की त्याचं काही चालत नाही, कारण जुळ्या ओळींच्या मध्ये वेगळी ओळ येऊन बसते. शब्द एकेक करून उमटणारा व्हिडिओ असेल तर आधी अर्धी ओळ येते, मग पूर्ण. नोटपॅडला त्या दोन निराळ्या ओळी वाटतात. त्यात 'शेतकऱ्यांनी' हा शब्द म्हणजे डोकेदुखीच. यातला अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. दिसायला एकच, पण संगणकाच्या लेखी वेगळा. एक चित्र लेन्सनं वाचलेलं असलं आणि दुसरं कुणी हातानं टाइप करून पाठवलेलं असलं, तर ओळ डोळ्यांना हुबेहूब दिसूनही गळत नाही.

तरी एवढ्यावरून मी तो रस्ता सोडला नसता. ओळ जास्तीची राहिली तर ती वाचताना दिसते आणि खोडता येते. मला खटकली ती दुसरीच गोष्ट. सामाईक ओळ म्हणजे दोन चित्रांमधला सांधा. आधीच्या चित्राची शेवटची ओळ आणि पुढच्याची पहिली एक असेल, तर मध्ये काही सुटलेलं नाही असं धरता येतं. ती जुळत नसेल तर एखादा स्क्रीनशॉट राहिलाय किंवा क्रम उलटा झालाय. नोटपॅड जुळलेल्या ओळी काढतं, पण कुठं जुळलं नाही ते सांगत नाही. वरच्या पाचातलं तिसरं चित्र काढून बघा. दुसरं 'सुकवावे'वर संपतं आणि चौथं 'कीटकनाशक'नं सुरू होतं. सांधा तुटलेला आहे, पण मेनूतून निघालेला कागद पहिल्यासारखाच गुळगुळीत. इथं नशीब म्हणून नुकसान झालं नाही. खऱ्या कामात त्या फटीत औषधाचं प्रमाण असू शकतं.

म्हणून मी सध्या हातानं सांधतो. प्रत्येक चित्राचा मजकूर त्याच्या क्रमांकाखाली चिकटवायचा. मग पुढच्या चित्राची पहिली ओळ आधीच्या शेवटच्या ओळीशी ताडायची, तीन ओळींच्या चित्रांत सामाईक असतील त्या सगळ्या ताडायच्या, जुळली तरच खोडायची. अर्धी-पूर्ण असेल तर लांब ओळ ठेवायची. जुळली नाही तर तिथं चौकटी कंसात 'ओळी सुटल्या?' लिहून पुढं जायचं आणि गिऱ्हाइकाला नेमकं तेच चित्र मागायचं. व्हॉट्सअॅपवरून फोटो म्हणून आलेल्या चित्रांची मूळ नावं जातात आणि कधी कधी क्रमही बदलतो. त्यामुळे मी चित्रं डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगतो. बहुतेक अँड्रॉइड फोन देतात त्या नावात तारीख आणि वेळ असते, त्यावरून रांग लावता येते.

ही पद्धतही फसते, तेही सांगतो. वरच्या पाचातली तिसरं आणि चौथं अशी दोन्ही चित्रं नसतील, तर दुसऱ्याची शेवटची आणि पाचव्याची पहिली ओळ एकच आहे: 'नंतर बियाणे सावलीत सुकवावे'. सांधा झकास बसतो आणि कीटकनाशक अख्खं गायब होतं. म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळीवरचा सांधा मी खरा धरत नाही. जिथं व्हिडिओ थांबवल्यावर खालच्या पट्टीत मिनिट-सेकंद दिसतात, तिथं ते बघतो. दोन चित्रांत तीन-चार सेकंदांचं अंतर असेल तर ठीक. वीस-पंचवीस सेकंद गेले असतील आणि ओळ एकच पुढं सरकली असेल, तर मध्ये काहीतरी आहेच. पट्टी कापून पाठवलेल्या चित्रांत हा आधार राहत नाही, म्हणून गिऱ्हाइकांना म्हणतो, "कापू नका हो, जसं आहे तसं धाडा."

वेळेचं म्हणाल तर हाताच्या कामाला दुप्पट वेळ जातो असं मला वाटतं, मोजून बघितलेलं नाही. एखाद्या सभेचं भाषण असेल, शे-दीडशे चित्रं असतील, दोनच ओळींची असतील आणि एखादी ओळ इकडेतिकडे झाली तरी चालत असेल, तर Remove Consecutive Duplicate Lines खुशाल वापरा. मीही वापरतो. फक्त त्याच्या वरचा पर्याय दाबू नका. औषध, प्रमाण, क्रम किंवा अभंग असेल आणि चित्रं तीस-चाळीसच्या आत असतील, तर माझ्या दुकानात तरी मेनू उघडत नाही. गटाचे दादा परवा म्हणालेच, "काहून एवढा येळ लावता?" त्यांना कंसातलं 'ओळी सुटल्या?' दाखवलं. ते फोन उघडून राहिलेला स्क्रीनशॉट शोधायला लागले.